तुमच्या बाबांच्या शिवराई आम्ही का ठेवून घेतल्या नाहीत

*मॅडम, बाबा गेले त्याला दीड वर्ष झालं. त्यांनी चाळीस वर्षं जमवलेली १,१८४ नाणी, नऊ अल्बम आणि एक पिशवी तुमच्या संग्रहालयाला द्यायची आम्हा दोघा भावांची इच्छा होती. अट एकच, एक वेगळी खोली आणि दारावर बाबांचं नाव. समितीने 'घेता येत नाही' असं ठरवल्याचं फोनवर कळलं. फुकट देतोय, तरी नको? पुण्याला केळकरांचं सगळं घेतलंच ना? कसं ठरवलंत ते नीट सांगा, आणि आता मी ह्याचं काय करू तेही. अमेरिकेतला भाऊ म्हणतोय, अर्धी मला पाठव.*

स.न.वि.वि.

फोनवर दोन वाक्यांत सांगून मोकळं व्हायला नको होतं, हे तुमचं पत्र वाचताना जाणवलं. म्हणून सगळं लिहूनच देते. निर्णय बदललेला नाही, हे आधी सांगते, म्हणजे शेवटापर्यंत आशेवर वाचत बसायला नको.

तुमचे अल्बम आले तेव्हा मी आणि माझी सहायक सलग तीन दिवस त्यांच्यासमोर बसलो होतो. पहिल्या दिवशी नुसतं मोजलं आणि चाळलं. दुसऱ्या दिवशी तीनशे नाणी एकेक करून वजन केली, भिंगाखाली वाचली. तिसऱ्या दिवशी सातवा अल्बम आणि सोन्याचं नाणं म्हणून आलेला तो होन. हे झाल्यावर मी समितीसाठी एक पानी टिपण लिहिलं. आमच्याकडे दान येतं तेव्हा ह्या टिपणात तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. वस्तू कुठून आली? आपल्याकडे जे नाही ते तिच्यात आहे का? घेतली तर तिच्यासाठी जे करायला हवं ते आपण करू शकू का? 'वस्तू जुनी आहे का' हा प्रश्न त्यात नाही. जुनी तर बहुतेक सगळीच असतात.

पहिल्या प्रश्नापाशीच मी सगळ्यात जास्त वेळ थांबले.

तुमच्या बाबांच्या संग्रहातली हजारभर नाणी शिवराई आहेत, तांब्याची. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', भोवती ठिपक्यांची कड. हे नाणं फक्त शिवाजी महाराजांच्या काळात पडलं असं नाही. पुढे शंभर-दीडशे वर्षं, वेगवेगळ्या टांकसाळींत, तोच मजकूर ठेवून ते पाडत राहिले. म्हणून अक्षरं कधी सुबक, कधी 'शिव'चं 'सिव' किंवा 'सीव' झालेलं, वजन कधी बारा ग्रॅमच्या आसपास तर कधी आठ-नऊ. पेशवाईच्या अखेरीस आणि इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला जी निघाली त्यांत अक्षरांच्या दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेषा दिसतात. तीच दुदांडी. तुमच्याकडची निम्म्याहून जास्त दुदांडीच आहेत.

ह्यांतल्या बहुतेक नाण्यांवर सन नाही. टांकसाळीचं नाव नाही. मग कोणती शिवराई कधीची आणि कुठली हे ओळखायचं कशावरून? ती जमिनीत कोणत्या गावी सापडली आणि तिच्याबरोबर दुसरी कोणती नाणी होती, एवढाच भरवशाचा धागा असतो. शेजारी सनाचं एखादं नाणं सापडलं तर त्या गठ्ठ्याला तारीख मिळते. दहा गावांचे असे गठ्ठे हाती आले तर एखादं अक्षरवळण कोणत्या भागात चालत होतं हे नकाशावर मांडता येतं. एकटं सुटलेलं नाणं ह्यातलं काहीच सांगू शकत नाही. ते खरं असतं, जुनं असतं, हातात घ्यायला छान वाटतं. पण अभ्यासाच्या दृष्टीने मुकं असतं.

तुमच्या बाबांना हे ठाऊक होतं, असं मला वाटतं. त्यांची ती लांबट वही पाहिलीत ना? १९६८ पासून १९७७ पर्यंत त्यांनी प्रत्येक खरेदी लिहून ठेवली आहे. तारीख, आठवडे बाजाराचं गाव, कोणत्या तांबटाकडून, किती नग, मोडीचा भाव काय पडला. त्या काळी शिवराई तांब्याच्या मोडीतच यायची. तांबट ती वितळवायला टाकायचे आणि बाबा तिथे उभे राहून वेचून घ्यायचे. एका नोंदीपुढे त्यांनी लिहिलंय, 'सर्व एकाच गाडग्यातली म्हणतो.' हे वाक्य लिहिणारा माणूस नाण्यांकडे नुसता हौशीने पाहत नव्हता. प्रत्येक खरेदीची त्यांनी कागदाची पुडी केली होती आणि पुडीवर वहीतला क्रमांक टाकला होता.

मग केव्हातरी अल्बम आले. नाणी पुड्यांतून निघाली आणि प्रकारानुसार कप्प्यांत लागली. सुबक अक्षरांची एका पानावर, दुदांडी दुसऱ्या पानांवर, अर्ध्या शिवराईचे अधेले शेवटी. पुड्या गेल्या. वहीत १६३ क्रमांक आहेत आणि अल्बममध्ये एकाही नाण्यावर क्रमांक नाही. 'एकाच गाडग्यातली' नाणी आज नऊ अल्बममध्ये पांगली आहेत आणि ती परत एकत्र करण्याचा उपाय माझ्याकडे नाही.

एक प्रयत्न मी केला. एकाच गाडग्यात शंभर-दीडशे वर्षं राहिलेल्या तांब्याच्या नाण्यांवर गंजाचा थर सारख्या जातीचा चढतो. कुठे हिरवा, कुठे लालसर तपकिरी, कुठे मातीचे कण त्यात रुतलेले. त्यावरून काही सोबती ओळखता येतील असं वाटलं होतं. पण नाणी चिंचेने आणि पितांबरीने लख्ख घासलेली आहेत. तुम्ही म्हणालात तसं, दिवाळीत हे काम तुम्हा भावंडांकडे असायचं. त्यात तुमची काही चूक नाही, त्या पिढीतल्या जवळपास प्रत्येक घरात हेच झालं. पण थर गेला, त्याबरोबर अक्षरांच्या कडाही गुळगुळीत झाल्या आणि वजनही थोडं उतरलं असणार. आता त्या वजनावरून कोणता निष्कर्ष काढायचा तर हात आखडता घ्यावा लागतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. आमच्याकडे सरकारमार्फत आलेले शिवराईचे तीन गठ्ठे आहेत, मिळून सुमारे २,६०० नाणी. प्रत्येकाचं गाव, सापडल्याची तारीख, भांडं कसलं होतं हे नोंदलेलं. तुमच्या संग्रहात आमच्याकडे नाहीत अशा वळणाची चार नाणी मला मिळाली. त्या चौघांचे दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि व्यास तुमच्या परवानगीने मी टिपून घेतले आहेत. अभ्यासाला तेवढं पुरतं. समितीतले एक सदस्य म्हणाले, 'मग निवडक तीस घेऊ, बाकी परत देऊ.' ह्यावर बरीच चर्चा झाली. मीच विरोध केला. एक तर तुमची अट अखंड संग्रहाची होती. आणि दुसरं, गाव माहीत नसलेली तीस सुंदर नाणी घेतली तर उद्या ती गाव माहीत असलेल्या नाण्यांच्या शेजारी काचेखाली जातील आणि पाहणाऱ्याला फरक कळणार नाही.

आता सातवा अल्बम. हे सांगायला अवघड आहे, पण न सांगणं जास्त वाईट.

त्या अल्बममधली ९४ नाणी ओतीव आहेत, म्हणजे अलीकडे बनवलेली. खरी शिवराई ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकलेली असते. तांब्याचा तुकडा ओबडधोबड, ठसा बऱ्याचदा त्याच्याहून मोठा, आणि प्रत्येक घाव वेगळ्या जागी बसलेला. म्हणून एका नाण्यावर 'श्री' अर्धी कापली जाते, दुसऱ्यावर 'व' बाहेर जातो. एकाच ठशातून निघालेली दोन खरी नाणी शेजारी ठेवली तर अक्षराचं वळण तेच असतं, ठशाला तडा गेला असेल तर तो तडाही दोन्हींवर दिसतो. पण नाण्याच्या कडेचा आकार, कड फाटलेली जागा, वापरात पडलेला ओरखडा हे मात्र त्या त्या नाण्याचं स्वतःचं असतं.

तुमच्या अल्बममध्ये सात नाणी अशी आहेत की सातांच्याही 'राजा'मधल्या 'ज'वरून एकच तिरपा ओरखडा गेलाय आणि सातांचीही कड डावीकडे खाली एकाच जागी फाटलीये. म्हणजे कुणीतरी एका खऱ्या नाण्याचा साचा घेतला आणि त्याच्या ओरखड्यासकट सात ओतली. एकदा हे दिसलं की बाकीचं दिसायला लागतं. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, ओतताना अडकलेल्या हवेचे. अक्षरांच्या कडा साबणावर उठवल्यासारख्या मऊ. कडेला भोवताली कानस फिरवल्याच्या खुणा, कारण साच्याच्या दोन अर्ध्यांची शिवण तिथे येते आणि ती घासून काढावी लागते. तांबं निवताना आकसतं, म्हणून ही नाणी मूळ नाण्यापेक्षा किंचित लहानही भरतात. तुम्ही घरी भिंग घेऊन ती सात शेजारी मांडून पाहा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज पडणार नाही.

वहीच्या नोंदी थांबल्यावरची ही खरेदी आहे. तुम्हीच सांगितलंत की निवृत्तीनंतर बाबांना बाजारात फिरवेना आणि एक विक्रेता घरी येऊन नाणी देऊन जायचा. बाबांची नजर कमी झाली होती, आणि तोवर मोडीत शिवराई मिळणंही बंद झालं होतं. शिवराईला मागणी वाढली तसे ओतणारेही वाढले.

होनाचंही तेच. त्या दिवशी तुम्ही समोर होतात, तरी काय केलं ते लिहून ठेवते, कारण तेव्हा तुमचं लक्ष नव्हतं आणि ते साहजिक होतं. होनाचं वजन काट्यावर २.७१ ग्रॅम आलं. अस्सल शिवराई होन साधारण एवढाच असतो, तेव्हा वजनाने फसायला होतं. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणला आणि होन बारीक दोऱ्याला बांधून, तळाला किंवा काचेला न टेकवता, पाण्यात सोडला. त्या वेळी काटा जेवढा वर जातो तेवढ्या वजनाचं पाणी नाण्याने बाजूला सारलेलं असतं. काटा ०.३१ वर थांबला. २.७१ ला ०.३१ ने भागलं की ८.७ येतात. शुद्ध सोनं पाण्याच्या १९.३ पट जड असतं. जुन्या होनात थोडी भेसळ धरली तरी आकडा सोळा-सतराच्या खाली यायचं कारण नाही, म्हणजे काटा ०.१६-०.१७ च्या आसपास थांबायला हवा होता. एवढ्या लहान नाण्यात काट्याचा शेवटचा आकडा इकडेतिकडे होतो, म्हणून सतरा की अठरा असा वाद असता तर मी ह्या चाचणीवर भिस्त ठेवली नसती. पण ८.७ हे तांब्या-पितळेच्या घरातलं उत्तर आहे. वर मुलामा आहे. बोटांनी चाचपलं तर होन जाडही लागतो, कारण हलक्या धातूत तेच वजन भरायचं तर नाणं जाड करावंच लागतं.

समितीपुढे मी हे स्पष्ट केलं की ९४ ओतीव नाणी आणि एक खोटा होन ह्यामुळे आपण नकार देत नाही आहोत. ती वेगळी काढता आली असती. असे नग प्रत्येक मोठ्या संग्रहात निघतात, आमच्याही निघाले आहेत.

तिसरा प्रश्न आमचा आहे, तुमचा नाही. एका नाण्याची नोंद म्हणजे वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो, वाचन, रजिस्टरमध्ये क्रमांक, पाकिटावर तोच क्रमांक. सरावाच्या माणसालाही पंधरा मिनिटं लागतात. १,१८४ नाण्यांना २९६ तास. आम्ही दोघीच आहोत, बाकी कामं सांभाळून रोज दोन तास मिळाले तर १४८ कामाचे दिवस. आणि आधीच आलेल्या वस्तूंच्या नोंदी अजून मागे पडलेल्या आहेत. नोंद न करता घेतलेली वस्तू कागदोपत्री नसतेच, आणि जी कागदोपत्री नाही ती हरवली तरी कुणाला कळत नाही.

खोलीबद्दल. एकोणीस वर्षांपूर्वी, मी नवी असताना, आमच्याकडे एक संग्रह अशाच अटीवर घेतला गेला. वेगळी खोली, कायम मांडणी, काहीही हलवायचं नाही. करारावर साक्षीदार म्हणून माझीच सही आहे. चार पावसाळ्यांत त्या खोलीच्या एका भिंतीला ओल आली. वस्तू दुसरीकडे हलवायच्या तर देणाऱ्यांच्या वारसांची लेखी संमती हवी होती, वारस सहा होते, आणि दोघांचं आपसात बोलणं नव्हतं. संमती येईपर्यंत दोन पावसाळे गेले आणि कापडाच्या वस्तू गेल्या त्या गेल्याच. त्यानंतर समितीने ठराव केला की मांडणीची अट असलेलं कोणतंही दान घ्यायचं नाही. नाव देतो, दात्याचं नाव प्रत्येक वस्तूच्या नोंदीत आणि पाटीवर असतं. खोली देत नाही.

तुम्ही केळकर संग्रहालयाचं उदाहरण दिलंत. दिनकर केळकरांनी आपला संग्रह राज्य सरकारकडे सुपूर्द केला तेव्हा तो एखाद्या संग्रहालयातली एक खोली झाला नाही, त्याचंच संग्रहालय झालं. आणि आयुष्यभर त्यांनी स्वतः त्याची देखभाल केली. तिथेही आज जेवढ्या वस्तू आहेत त्यातला लहानसा भागच पाहायला मांडलेला असतो, बाकीच्या भांडारात असतात. अखंड आणि कायम मांडलेलं असं जगात फार थोडं असतं.

आता पिशवी.

जाड मांजरपाटाची ती पिशवी तुम्ही अल्बमबरोबर 'हे राहिलेलं' म्हणून दिलीत. बाबांनी ती घासली नाही, उघडून लावलीही नाही. आत बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: गावाचं नाव, 'विहीर खोदताना, चिंचेखाली, १९७४'. आत साधारण दोनशे नाणी असावीत, बरीचशी गंजाने एकमेकांना चिकटून गोळा झालेली. मी ती सोडवली नाहीत. नुसतं दिव्याखाली फिरवून पाहिलं. गोळ्याच्या एका बाजूला हिरव्या गंजात कापडाच्या विणीचा ठसा उमटलाय, उभे-आडवे धागे मोजता येतील इतका स्पष्ट. तांब्याचे क्षार कापडात भिनून कापड कुजलं तरी त्याचा साचा राहतो. म्हणजे नाणी पुरताना ती कापडात बांधलेली होती. कडेला दिसणारी बहुतेक नाणी दुदांडी आहेत, आणि त्यांच्यामध्ये एका पातळ, गोल, यंत्राच्या नाण्याची कड डोकावते. त्यावर पानांच्या वेलीचा तुकडा आणि उलट बाजूला इंग्रजी आकड्यांत १८३५ वाचता येतं. ईस्ट इंडिया कंपनीचा पाव आणा.

ह्या एका नाण्यामुळे ती पिशवी बोलायला लागते. पुरणाऱ्याने १८३५ च्या आधी ती पुरलेली असू शकत नाही. म्हणजे कंपनीचा नवा पैसा हातात आल्यावरही त्या गावात कुणीतरी शिवराई साठवत होतं, आणि दोन्ही एकाच गाठीत बांधत होतं. नऊ अल्बममध्ये हेच दुदांडी नाणं पाचशेहून जास्त वेळा आहे आणि त्यातलं एकही मला हे सांगू शकलं नाही.

तुम्हाला वाटेल, मग पिशवी तरी घ्या. मलाही ती हवी आहे, अगदी मनापासून. पण ती तुमच्याकडून घेता येत नाही. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, असं १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. तो आजही लागू आहे. १९७४ मध्ये विहीर खोदणाऱ्याने कळवलं होतं असं चिठ्ठीवरून किंवा वहीवरून दिसत नाही, आणि बाबांनी ती त्याच्याकडून विकत घेतली. अशा वस्तूवर मालकी कुणाची हे मी ठरवू शकत नाही. आणि मालकी साफ नसलेली, नियमाबाहेर जमिनीतून निघालेली वस्तू संग्रहालयाने घेऊ नये, हे आयकॉम ह्या संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या, जगभर मानल्या जाणाऱ्या आचारसंहितेतही आहे.

म्हणून पहिलं काम हे करा. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज: वडिलांच्या पश्चात ही पिशवी घरात मिळाली, सोबत ही चिठ्ठी आहे, पुढील कार्यवाहीसाठी कळवत आहोत. अर्जाला पिशवीचे फोटो आणि चिठ्ठीची झेरॉक्स जोडा. मूळ चिठ्ठी पिशवीतच राहू द्या. आवक शिक्क्याची प्रत मागून घ्या, मागितल्याशिवाय मिळत नाही. पुढे ते प्रकरण पुरातत्त्व विभागाकडे तपासणीला जातं. मी वकील नाही, म्हणून अर्ज देण्याआधी एकदा तुमच्या वकिलांच्या नजरेखालून घाला. मसुदा हवा असेल तर मी करून देईन. तोवर पिशवी उघडू नका, पाणी-तेल काही लावू नका, आणि हौसेने कुणी एक नाणं सोडवून देतो म्हणालं तर त्याला हात लावू देऊ नका.

भावाला मात्र आजच कळवा. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाहीत. सामानात चार टाकली, कुरिअर केलं, तरी तो गुन्हाच, आणि शिक्षा निदान सहा महिन्यांची कैद. वाटणी करायची तर जरूर करा, पण त्यांचा वाटाही भारतातच राहील. त्यांना पाठवायचं तर वहीच्या पानांचे चांगले फोटो पाठवा. मला विचाराल तर भावाच्या वाट्याला तेच जास्त यायला हवं.

बाकी नाणी घरी ठेवणं बेकायदा नाही. विकायची झाली तर परवाना असलेल्या विक्रेत्यालाच द्या. ओतीव ९४ आणि तो होन वेगळ्या डबीत ठेवून डबीवर 'नकली' असं ठळक लिहा, नाहीतर पुढच्या पिढीत कुणीतरी परत फसेल किंवा नकळत फसवेल. किंमत मात्र माझ्याकडून लिहून मागू नका. संग्रहालयाचा माणूस किंमत लिहून द्यायला लागला की त्या कागदाचंच नाणं होतं.

अल्बम लवकर बदला. पानांना नव्या रेनकोटसारखा वास येतो आणि काही नाण्यांवर चिकट हिरवट पापुद्रा आलाय, तो त्या प्लास्टिकमुळेच. त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. नाणी काढून आम्लमुक्त कागदाच्या पाकिटांत एकेक ठेवा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. कुठे फिकट हिरवी भुकटी झडताना दिसली तर ते नाणं बाकीच्यांपासून दूर करा आणि मला फोन करा, तो रोग पसरतो. घासणं कायमचं बंद.

झिजलेल्या दुदांडीतली चाळीस-पन्नास नाणी एखाद्या शाळेला द्यावीत असं माझं मत आहे. आमच्याकडे मुलं काचेतून बघतात. वर्गात ती नाणं हातात घेतील, कागदाखाली ठेवून पेन्सिलीने ठसा काढतील, 'पति' कुठे आहे ते शोधतील. ह्या कामाला गाव माहीत नसलं तरी चालतं, नाणं घासलेलं असलं तरी चालतं. दारावर नाही, पण त्या डब्यावर बाबांचं नाव राहील. सुबक अक्षरांची जी दोन पानं आहेत ती नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत दाखवून पाहा.

आणि वही. ती नाण्यांबरोबर कुणालाही देऊन टाकू नका. दहा वर्षांत कोणत्या बाजारात कोणत्या तांबटाकडे किती शिवराई मोडीत येत होती, भाव काय होता, ही नोंद मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. मूळ वही तुमच्याकडेच राहू द्या. आम्हाला ती दोन दिवस स्कॅन करायला द्याल का, एवढी विनंती आहे. हे दान नाही आणि त्याला समितीची मंजुरी लागत नाही.

नऊ अल्बम आणि पिशवी कार्यालयातल्या लोखंडी कपाटात आहेत. यायच्या आदल्या दिवशी फोन करा, रविवारी आणि सोमवारी बंद असतं. आली तेव्हा पिशवीचं वजन चिठ्ठीसकट १ किलो ९४० ग्रॅम होतं, ते तुमच्या पावतीवर लिहिलेलं आहे. नेताना काट्यावर समोर करून घ्या आणि मगच सही करा.

आपली,
अभिरक्षक